मळमळीवर आलं : किती, केव्हा आणि कुठवर

घरात कुणाला दिवस गेले आणि सकाळी मळमळायला लागलं की दोन सल्ले एकाच वेळी कानावर येतात. एक मावशी म्हणते, "आल्याचा तुकडा चघळ, बरं वाटेल." दुसरी आत्या म्हणते, "अगं, आलं उष्ण असतं, या दिवसांत हातसुद्धा लावू नकोस." त्या बिचारीला मात्र सकाळी दात घासतानाच उमासे येत असतात. कुणाचं ऐकायचं ते तिला कळत नाही.

दोघींच्या बोलण्यात तथ्य आहे. फक्त 'किती' हे दोघीही सांगत नाहीत. गरोदरपणातल्या सौम्य ते मध्यम मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, हे बऱ्याच चाचण्यांमध्ये दिसून आलं आहे. त्या चाचण्यांमध्ये दिलेलं प्रमाण साधारण सारखंच होतं : दिवसाला सुमारे एक ग्रॅम सुंठ, तीही तीन-चार वेळा विभागून. स्वयंपाकघरात हा एक ग्रॅम कसा ओळखायचा, त्यात काय काय धरायचं आणि आल्यावर अवलंबून राहणं केव्हा थांबवायचं, एवढं नीट समजलं तर मावशी आणि आत्या दोघींचंही समाधान होईल.

आलं पोटात काय करतं

मळमळ जाणवते पोटात, पण ती ठरते मेंदूत. पोट आणि आतडी मेंदूकडे सतत संदेश पाठवत असतात. त्यातला एक मोठा मार्ग सेरोटोनिन या रसायनाचा आहे. आतड्यातल्या मज्जातंतूंवर या सेरोटोनिनला पकडणारी केंद्रं असतात. ती फार उत्तेजित झाली की मेंदूतलं उलटीचं केंद्र जागं होतं. आल्याचा तिखटपणा ज्यांच्यामुळे असतो ती जिंजेरॉल आणि शोगॉल नावाची द्रव्यं याच केंद्रांना थोडं शांत करतात. दवाखान्यात उलटीवर जी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी किंवा इंजेक्शन देतात, तेही याच केंद्रांवर काम करतं, फक्त कितीतरी अधिक जोराने.

दुसरं काम पोटाच्या हालचालीचं. निरोगी पोट मिनिटाला साधारण तीन वेळा लाटेसारखं आकुंचन पावतं आणि अन्न पुढे ढकलतं. मळमळताना ही लय बिघडते, अन्न पोटात रेंगाळतं आणि जडपणा वाढतो. आल्यामुळे पोट रिकामं व्हायला मदत होते. अपचनावर आलं-लिंबाचा रस देण्याची आपली जुनी पद्धत याच गुणावर उभी आहे.

ओल्या आल्यात जिंजेरॉल जास्त असतं. आलं वाळवून सुंठ केली की त्यातल्या काही जिंजेरॉलचं शोगॉल होतं, आणि ते अधिक तिखट असतं. म्हणून सुंठ चवीला झोंबते आणि थोडीशीही पुरते. बहुतेक चाचण्या सुंठेच्या पुडीवर झालेल्या आहेत, त्यामुळे प्रमाणाची भाषाही सुंठेच्या ग्रॅममध्येच आहे.

चाचण्यांमधून काय दिसलं

यातली एक महत्त्वाची चाचणी थायलंडमधल्या चियांग माई इथे झाली आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. सतरा आठवड्यांच्या आतल्या, मळमळीने त्रासलेल्या सत्तर गरोदर स्त्रियांपैकी काहींना सुंठेची कॅप्सूल दिली आणि बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल दिली. प्रमाण होतं पाव ग्रॅम, दिवसातून चार वेळा : तीन जेवणांनंतर आणि एकदा झोपताना. चार दिवसांनी सुंठ घेणाऱ्या 32 जणींपैकी 28 जणींनी बरं वाटल्याचं सांगितलं. दुसऱ्या गटात 35 पैकी 10 जणींनी तसं सांगितलं.

ऑस्ट्रेलियात 291 स्त्रियांवर झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुंठेची तुलना ब-6 जीवनसत्त्वाशी केली होती. मळमळीवर डॉक्टर हे जीवनसत्त्व बऱ्याच वर्षांपासून देत आले आहेत. तीन आठवडे एका गटाला रोज एक ग्रॅमहून किंचित जास्त सुंठ दिली आणि दुसऱ्या गटाला ब-6 दिलं. दोन्ही गटांत आराम साधारण सारखाच पडला.

पुढे बारा चाचण्या एकत्र करून 1278 स्त्रियांची माहिती तपासली गेली. त्यातून जो निष्कर्ष निघाला तो प्रत्येक घराने लक्षात ठेवावा असा आहे : आल्याने मळमळ कमी होते, पण उलट्यांची संख्या खात्रीने कमी होते असं दिसत नाही. म्हणजे दिवसभर तोंडाला पाणी सुटतं, वास सहन होत नाही, जेवण नकोसं वाटतं, पण एखाददुसरी उलटी सोडली तर पोटात अन्न-पाणी टिकतं, अशा बाईला आल्याचा फायदा होण्याची शक्यता चांगली आहे. जिला दिवसात पाच-सहा उलट्या होतात आणि पाणीही टिकत नाही, तिने आल्यावर विसंबून राहणं धोक्याचं आहे.

एक ग्रॅम म्हणजे किती

घरात ग्रॅमचा काटा नसला तरी अंदाज बांधता येतो. चहाच्या सपाट चमचाभर सुंठेच्या पुडीचं वजन साधारण दोन ग्रॅम भरतं. म्हणजे दिवसभराचा एक ग्रॅम म्हणजे सपाट अर्धा चमचा. शीग लावून भरलेला चमचा मात्र दीडपट-दुप्पट होऊ शकतो, म्हणून चमच्यावरून सुरीची पाठ फिरवून तो सपाट करून घ्यावा.

ओल्या आल्यात वजनाचा सुमारे चार-पंचमांश भाग पाणीच असतो. म्हणून एक ग्रॅम सुंठ म्हणजे ढोबळमानाने पाच ग्रॅम ओलं आलं. रुपयाच्या नाण्याएवढ्या, नाण्यापेक्षा थोड्या जाड अशा दोन-तीन चकत्यांचं वजन एवढं भरतं. कोवळ्या आणि जून आल्याचा तिखटपणा सारखा नसतो, त्यामुळे हे माप औषधाच्या गोळीसारखं काटेकोर नाही. रोजच्या वापराला मात्र ते पुरेसं आहे.

चहाचा हिशोब थोडा वेगळा. आलं किसून उकळलं आणि चोथा गाळून टाकला तर आल्यातली सगळी द्रव्यं पाण्यात उतरत नाहीत. तुकडा चावून खाल्ला तर सगळं पोटात जातं. म्हणून आल्याच्या चहाचा कप अर्ध्या मापाने धरला तरी चालतं.

सर्वात जास्त चूक होते ती आलेपाकात. घरी शंभर ग्रॅम आलं वाटून त्यात दुप्पट साखर घातली आणि त्याच्या वीस वड्या पाडल्या, तर प्रत्येक वडीत पाच ग्रॅम ओलं आलं जातं. म्हणजे एक वडी हे जवळजवळ दिवसभराचं माप झालं. शिवाय तिच्यात दहा ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखर आहे. जिला गरोदरपणातला मधुमेह आहे किंवा होण्याची शक्यता डॉक्टरांनी सांगितली आहे, तिने आलेपाकाऐवजी साधं आलंच वापरावं. बाजारच्या वडीत आलं किती आहे ते बहुधा कळत नाही. कधी ते फार कमी असतं आणि गोडीच जास्त असते.

सुंठ विकत घेताना फार पांढरीशुभ्र घेऊ नये. चुन्यात बुडवून ती पांढरी केलेली असू शकते. फिकट तपकिरी, खडबडीत सालीची सुंठ घेऊन घरी कुटावी आणि झाकण घट्ट लावून ठेवावी. वर्षभर डब्यात पडलेल्या पुडीचा वास उडाला असेल तर तिच्यातला गुणही बराच उडालेला असतो.

एका दिवसाचा हिशोब

समजा, वाईला राहणारी एक शिक्षिका आहे. आठवा आठवडा चालू आहे. रोज सकाळी आठच्या एसटीने पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या शाळेत जाते. गरोदरपणाआधी तिचं वजन पन्नास किलो होतं. सकाळी मळमळ, बसमध्ये त्याहून जास्त, दुपारनंतर थोडं बरं. उलटी दिवसातून एखादी.

तिने ऐकलेले सगळे उपाय सुरू केले. पर्समध्ये आलं-लिंबू-मिठाची डबी ठेवली, त्यात पाच ग्रॅम आलं. सकाळ-संध्याकाळ आल्याचा चहा, दोन्ही कप मिळून आणखी पाच ग्रॅम. सासूबाईंनी मायेने सुंठ-गुळाची गोळी दिली, तिच्यात पाव चमचा सुंठ. बसमध्ये तोंडात ठेवायला आलेपाकाच्या दोन वड्या. आता बेरीज करू. डबीतलं आलं सुंठेच्या मापाने एक ग्रॅम. गाळलेले दोन चहा मिळून अर्धा ग्रॅम. गोळीचा अर्धा ग्रॅम. दोन वड्यांचे दोन ग्रॅम. एकूण झाले चार ग्रॅम. चाचण्यांत दिलेल्या प्रमाणाच्या चौपट. आणि तिला मात्र वाटत होतं की आपण थोडंथोडंच घेतोय.

तिसऱ्या दिवसापासून तिच्या छातीत जळजळ सुरू झाली. आल्याचा सर्वात नेहमीचा त्रास हाच. इथे एक चकवा आहे. गरोदरपणात अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल पडतो, त्यामुळे आम्ल वर येतंच. त्यात जास्त आलं पडलं की जळजळ वाढते. घशाशी आंबट आलं की तिला ती मळमळच वाटते आणि ती पुन्हा आलं तोंडात टाकते. दोन्हींतला फरक ओळखणं अवघड नाही. जळजळ छातीच्या मधोमध असते, आडवं झालं किंवा वाकलं की वाढते, जेवणानंतर जास्त होते आणि तोंडात आंबट-कडू चव येते. मळमळ वासाने, रिकाम्या पोटाने किंवा गाडीच्या हेलकाव्याने वाढते. पहिला प्रकार असेल तर आलं कमी करायचं, दुसरा असेल तर ठरलेल्या मापात घ्यायचं.

तिची घडी नीट बसवायची तर ती अशी. रात्रीच उशाशी मूठभर चुरमुरे किंवा कोरडा खाकरा ठेवायचा आणि अंथरुणातून उठण्याआधी खायचा, कारण रिकाम्या पोटी आलं झोंबतं. सकाळी पाच ग्रॅम आल्याचे चार तुकडे करायचे, त्यांतले तीन लिंबू-मिठात घालून डबीत ठेवायचे आणि चौथा सकाळच्या चहात घालायचा. डबीतला पहिला तुकडा सात वाजता, बसच्या तासभर आधी, दोन घास खाऊन झाल्यावर चावायचा. दुसरा दुपारी डबा खाल्ल्यानंतर, तिसरा संध्याकाळी. आलेपाक आणि गोळी बंद. एखाद्या दिवशी वडी खावीशी वाटली तर त्या दिवशी डबी नाही. लोहाच्या गोळीनेही अनेकींना मळमळतं, तेव्हा ती सकाळऐवजी रात्री घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचं.

चार-पाच दिवसांत फरक जाणवायला हवा. जाणवला तर मळमळ ओसरेपर्यंत हे चालू ठेवायला हरकत नाही. बहुतेकींची मळमळ नवव्या आठवड्याच्या आसपास सर्वात जास्त असते आणि बारा ते सोळा आठवड्यांदरम्यान ओसरते. पाच दिवसांत काहीच फरक नसेल तर माप वाढवून काही साधत नाही. दीड ग्रॅमच्या वर जाऊ नये. तेव्हा डॉक्टरांकडून ब-6 किंवा त्याच्या जोडीला डॉक्सिलामाइनची गोळी घ्यावी. ती गरोदरपणात वर्षानुवर्षं वापरली गेलेली आहे आणि तिला घाबरण्याचं कारण नाही.

बाळाला धोका आहे का

आत्याच्या मनातली भीती खरी आहे आणि तिला खरं उत्तर द्यायला हवं. याबाबत सर्वात मोठी माहिती नॉर्वेतून आली. तिथे 68 हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. त्यांतल्या 1020 जणींनी गरोदरपणात आलं घेतल्याचं सांगितलं होतं. त्यांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंग, मृत जन्म, कमी वजन किंवा मुदतीआधी जन्म यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त नव्हतं. सतराव्या आठवड्यानंतर अंगावरून थोडा रक्तस्राव होण्याचं प्रमाण मात्र या स्त्रियांत किंचित जास्त नोंदलं गेलं. तो आल्यामुळेच झाला असं त्यावरून म्हणता येत नाही, पण सावध राहायला तेवढं पुरेसं आहे.

हजार हा आकडा दिलासा देणारा आहे, पण अगदी विरळा धोका त्यातून दिसेलच असं नाही. म्हणूनच जगातल्या वैद्यकीय संस्थांची भाषाही एकसारखी नाही. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांची संघटना मळमळीवरच्या बिनऔषधी उपायांत आल्याचा समावेश करते. युरोपीय औषध संस्था मात्र उपलब्ध माहितीत व्यंगाचा धोका दिसत नाही असं मान्य करूनही, खबरदारी म्हणून गरोदरपणात सुंठेची औषधी तयारी टाळावी असं सुचवते. भाजीत, आमटीत, चहात पडणाऱ्या आल्याबद्दल हा वाद नाही. तो आहे कॅप्सूल, अर्क आणि दाट काढ्यांबद्दल. कॅप्सूलमध्ये पुडी आहे की अर्क, हे वेष्टनावर पाहावं. अर्काचा एक ग्रॅम म्हणजे पुडीचा एक ग्रॅम नव्हे, तो कितीतरी पट तीव्र असू शकतो. म्हणून गरोदरपणात अर्काच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत.

काही जणींनी औषध म्हणून आलं घेण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. आल्याचा रक्ताच्या गुठळ्या होण्याच्या क्रियेवर थोडा परिणाम होऊ शकतो. ज्यांना आधी गर्भपात झाले आहेत त्यांना कधी हेपॅरिनची इंजेक्शनं दिली जातात. रक्तदाब वाढण्याचा धोका असलेल्या अनेकींना बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन दिली जाते. आल्याच्या चहाने त्यात बिघाड होत नाही, पण रोज सुंठेची पुडी किंवा कॅप्सूल घेत असाल तर ते डॉक्टरांना कळायला हवं. वॉरफरिन घेणाऱ्या, पित्ताशयात खडे असलेल्या, या गरोदरपणात रक्तस्राव झालेल्या किंवा वार खाली असल्याचं सोनोग्राफीत दिसलेल्या स्त्रियांनी तर विचारल्याशिवाय सुरूच करू नये. प्रसूतीची तारीख जवळ आली किंवा सिझेरियन ठरलं की दोन आठवडे आधी पुडी-कॅप्सूल थांबवणं शहाणपणाचं. तोवर मळमळही बहुधा उरलेली नसते.

आल्याची हद्द कुठे संपते

गरोदर स्त्रियांपैकी साधारण दहातल्या सात-आठ जणींना कमी-अधिक मळमळ होते. थोड्या जणींमध्ये मात्र ती आजाराचं रूप घेते. उलट्या थांबत नाहीत, शरीरातलं पाणी कमी होतं, वजन घटतं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असं पुढे आलं की वारेतून आणि गर्भातून येणारं जीडीएफ-15 नावाचं संप्रेरक यामागचं एक मोठं कारण आहे. गरोदरपणाआधी ज्या स्त्रीच्या शरीरात हे संप्रेरक कमी असतं, तिला अचानक झालेली त्याची वाढ अधिक त्रास देते. म्हणजे अशा बाईचं "मन कमकुवत आहे", "ती नाटक करते" हे बोलणं निव्वळ अन्यायाचं आहे. तिचा आजार रक्तात आहे आणि त्यावर घरगुती आल्याचा उपाय चालत नाही.

हद्द ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी करावं. गरोदरपणाआधीच्या वजनाच्या पाच टक्के घट झाली तर ती धोक्याची खूण. आपल्या शिक्षिकेचं वजन पन्नास होतं, म्हणजे साडेसत्तेचाळीसला पोचली की तिने दवाखाना गाठायचा. वजनाआधीही लघवी सांगते. आठ तासांत लघवी झाली नाही किंवा ती गडद पिवळी, कमी आणि उग्र वासाची झाली, तर शरीरात पाणी कमी पडतंय. दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नाही, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, उलटीत रक्त दिसतं, ताप आहे किंवा पोटात जोराने दुखतं, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी जावं.

आणखी एक खूण फारशी माहीत नसते. मळमळ सहसा नवव्या आठवड्याच्या आत सुरू होते. आधी काहीच त्रास नव्हता आणि दहाव्या-अकराव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच उलट्या सुरू झाल्या, तर त्या गरोदरपणाच्या नसून काविळीच्या, मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या किंवा आणखी कशाच्या असू शकतात. आल्याने अशी मळमळ थोडी दबली तर खरं कारण लपून राहतं आणि उपचाराला उशीर होतो.

गाडी लागते तेव्हा

प्रवासातली मळमळ वेगळ्या वाटेने येते. घाटात गाडी वळणं घेते तेव्हा कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय. डोळे मात्र समोरच्या सीटवर किंवा मोबाइलवर असतात आणि ते सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोन बातम्या जुळल्या नाहीत की मेंदू गोंधळतो. त्याचा परिणाम पोटावर होतो आणि पोटाची मिनिटाला तीनची लय वेगाने, वेडीवाकडी होते.

आलं कानापर्यंत पोचत नाही. ते काम करतं पोटाच्या बाजूने. म्हणूनच प्रवासाबाबतचा पुरावा गरोदरपणाइतका एकमुखी नाही. डेन्मार्कमध्ये समुद्राची सवय नसलेल्या ऐंशी नौदल प्रशिक्षणार्थींवर खवळलेल्या समुद्रात झालेल्या चाचणीत एक ग्रॅम सुंठेने उलट्या आणि थंड घाम कमी झाला. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, फिरत्या पिंपात बसवलेल्या स्वयंसेवकांना आधी एक किंवा दोन ग्रॅम सुंठ दिली, तेव्हा त्यांची मळमळ उशिरा सुरू झाली आणि पोटाची बिघडलेली लय सुधारली. मात्र 1991 मध्ये अमेरिकेत झालेल्या चाचणीत फिरत्या खुर्चीवर डोकं हलवायला लावल्यावर आल्याचा काहीच उपयोग दिसला नाही, स्कोपोलामाइन या औषधाचा मात्र दिसला. तेव्हा सौम्य गाडी लागण्यावर आलं करून पाहावं. जी व्यक्ती पहिल्याच वळणाला पिशवी शोधते, तिने प्रवासाआधी डॉक्टरांकडून गोळी घ्यावी.

यात सगळ्यात महत्त्वाची आहे ती वेळ. मळमळ सुरू झाली की पोट मंदावतं आणि तेव्हा खाल्लेलं आलं पुढे सरकतच नाही. म्हणून गरोदर नसलेल्या प्रौढ माणसाने निघण्याच्या तासभर आधी, थोडं खाऊन, अर्धा ते एक चमचा सपाट सुंठ पाण्यातून किंवा गुळातून घ्यावी. म्हणजे एक ते दोन ग्रॅम झाले. त्या दिवशी प्रवासासाठी त्याहून जास्त घेऊ नये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना पाव चमच्याहून जास्त नको आणि तीही अर्धा तास आधी. सहा वर्षांखालच्या मुलांना सुंठेची पुडी देऊ नये. त्यांना पुढच्या बाजूला, बाहेरचं दिसेल असं बसवणं हाच खरा उपाय. हे मोठ्यांनाही लागू आहे. एसटीत चाकावरची किंवा मागची सीट टाळावी, दूरच्या रस्त्यावर नजर ठेवावी, मोबाइल पिशवीत ठेवावा, खिडकी थोडी उघडी असावी, आणि निघताना मिसळ किंवा तेलकट वडे खाऊ नयेत.

गरोदर बाईने मात्र प्रवासाचं आलं वेगळं धरू नये. तिच्यासाठी दिवसाचा एक ग्रॅम हीच मर्यादा, घाट असो वा नसो. त्यातलाच एक भाग निघण्याआधी तासभर घ्यायचा, एवढाच बदल. त्या शिक्षिकेने सात वाजताचा तुकडा बसच्या वेळेवरून ठरवला तो यासाठीच. आणि गाडी लागू नये म्हणून घरात पडलेली दुसऱ्या कुणाची गोळी तिने घेऊ नये. कोणती चालेल हे तिच्या डॉक्टरांनीच सांगायला हवं.

तुमच्या घरात कुणी गरोदर असेल तर आजच एक काम करा. दिवसभरात तिच्या पोटात आलं कुठून कुठून जातं ते तिच्याबरोबर बसून मोजा : चहा, डबी, गोळी, वडी, कॅप्सूल. बेरीज एक ग्रॅम सुंठ किंवा पाच ग्रॅम ओल्या आल्याच्या आसपास ठेवा. आणि तिला पाणी टिकेनासं झालं, वजन उतरू लागलं, तर आलं बाजूला ठेवून त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.